लंबकाची सिरीज नेमकी किती अंशांपर्यंत चालते: कामाच्या नोंदी

७ जून

सुरुवात भाच्यामुळे झाली. बारावीनंतरच्या सुट्टीत आलाय, त्याला लंबकाचं काहीतरी करायचं होतं, दोरीवाला नाही, कडक दांड्याचा, म्हणजे हवा तेवढा वर उचलून सोडता येईल असा. ॲल्युमिनियमची पट्टी घरात पडून होती, स्केटिंगच्या चाकातलं बेअरिंग ६० रुपयाला, नट-बोल्ट २५ रुपये, झाला लंबक. लहान झोक्याला एक फेरी १.२१ सेकंद, मोबाईलच्या स्लो-मोशनवर फ्रेम मोजून.

मग मोठ्या झोक्याचं सूत्र काढलं. कॉलेजात सगळ्यांनी पाहिलेलं असतं, θ कोनातून सोडल्यावरचा पिरियड T आणि लहान कोनाचा पिरियड T0 धरला तर

```
T/T0 = 1 + θ²/16 + 11θ⁴/3072 + 173θ⁶/737280 + ...
```

पहिल्याच घासाला खडा. मी १५० अंशासाठी θ च्या जागी सरळ १५० टाकले आणि दुसरी टर्मच १४०६ आली. रेडियन. वीस वर्षं हीच चूक करतोय, अजून सुटत नाही. १५० अंश म्हणजे २.६१८ रेडियन, ते टाकल्यावर वरच्या चार टर्मची बेरीज १.६७२ आली. खरं उत्तर १.७६२ आहे (हे इलिप्टिक इंटिग्रलच्या टेबलवरून). म्हणजे पाच टक्के कमी.

भाचा म्हणाला, "मामा, शेवटी तीन टिंबं दिलीयेत ना, ती घेत गेलो तर १.७६२ येईल? आणि १७० ला सोडला तरी? आणि १९० ला?" १९० ला लंबक सोडणं म्हणजे दुसऱ्या बाजूने १७० ला सोडणंच, पण सूत्रात १९० टाकायला कोण अडवतंय. प्रश्न बरोबर आहे, टिंबं कुठपर्यंत खरी. त्याचंच हे काम. कोणी असलंच काही करत असेल तर माझ्या चुका वाचून वेळ वाचवा.

८ जून

ठरवलं असं: सिरीजचे बरेच कोइफिशंट काढायचे, लागोपाठच्या दोघांचा रेशो घ्यायचा, तो कुठे जातो ते बघायचं. अभिसरण त्रिज्या, म्हणजे कुठल्या कोनापर्यंत बेरीज एका आकड्यावर स्थिरावते ती हद्द, काढायची ही पुस्तकी पद्धत.

पहिली अडचण लगेच आली. सिरीजमध्ये फक्त सम घात आहेत, θ, θ³, θ⁵ चे कोइफिशंट शून्य. मी सरळ θ च्या घाताप्रमाणे ओळीने यादी केली होती, तर रेशो एकदा शून्य येतो आणि पुढच्याला शून्याने भागाकार, प्रोग्राम तिथेच बोंबलला. याला कारणही आहे, फक्त गैरसोय नाही. सिरीज जिथे अडते अशा जागा +π आणि −π दोन्हीकडे सारख्याच अंतरावर आहेत, दोघींचा परिणाम एकदा एकमेकांत भर घालतो आणि एकदा एकमेकांना खोडतो, त्यामुळे रेशोला लिमिटच नाही. उपाय सोपा, y = θ² धरा आणि y च्या घातांची सिरीज म्हणून बघा. मग कोइफिशंट ओळीने १, 1/16, 11/3072... आणि मधे भोकं नाहीत.

यातच दुसरी चूक दडली होती, ती दुसऱ्या दिवशी कळली, खाली लिहितो.

टिंबांच्या जागच्या संख्या पुस्तकात सहा-सातच मिळतात, पुढच्या स्वतः काढाव्या लागतात. रस्ता असा: k = sin(θ/2) धरलं आणि m = k² घेतलं तर T/T0 ची m मधली सिरीज एकदम साधी आहे, प्रत्येक कोइफिशंट आधीच्याला ((2n+1)/(2n+2))² ने गुणून मिळतो. इथे रेशोचं लिमिट तोंडी निघतं, n वाढला की 1, म्हणजे m < 1 पर्यंत चालते, m = 1 म्हणजे sin(θ/2) = 1 म्हणजे १८० अंश. अर्थात हे m चं उत्तर झालं. θ ची सिरीज वेगळी, तिच्यात m च्या जागी 1/2·(1 − cos θ) ची पूर्ण सिरीज घालून परत घात गोळा करायचे आहेत, आणि असं केल्यावर त्रिज्या तीच राहील याची कोणी हमी देत नाही. तीच बघायची आहे.

९ जून

प्रोग्राम लिहिला, साध्या दशांश संख्यांवर. पहिले कोइफिशंट पुस्तकाशी जुळले, 11/3072 म्हणजे 0.0035807, बरोबर. मग पुढचा भागिले आधीचा असे रेशो (r[n] = c[n]/c[n-1]):

```
n=1  0.0625
n=2  0.0573
n=3  0.0655
n=4  0.0740
n=5  0.0799
n=6  0.0838
```

आधी खाली गेला मग वर चढायला लागला, तेव्हाच धडा मिळाला की पहिल्या दोन-तीन रेशोवरून काही ठरवू नये.

आता त्रिज्या म्हणजे याचा उलटा, 1/0.0838 = 11.93. मी आनंदाने भाच्याला सांगितलं की ११.९ रेडियन, म्हणजे जवळपास ६८४ अंश, म्हणजे १९० काय, जवळपास दोन चक्कर मारल्या तरी सिरीज चालेल. तो म्हणाला "मामा, दोन चक्कर?" आणि मी परत बसलो. ही ती दडलेली चूक. ११.९३ ही y ची त्रिज्या आहे, θ ची नाही. y = θ², तर वर्गमूळ घ्यायला हवं: 3.454 रेडियन, सुमारे १९८ अंश. y घेताना घेतलेला वर्ग शेवटी परत करायचा असतो हे मी आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवलं होतं, तरी विसरलो.

१९८ अंश तरीही गोंधळात टाकणारं. म्हणजे १९० ला चालणार?

१० जून

१९० वर करून बघितलं, सहा टर्मपर्यंत:

```
0.687  0.433  0.312  0.254  0.223  0.206
```

प्रत्येक टर्म आधीपेक्षा लहान. भाचा खूश, मीही, "बघ कमी होतायत, येईल जवळपास". आणि मी एक अंदाज घेऊन एका मित्राला फोनवर सांगूनही टाकलं की सिरीज १९० ला चालते.

रात्री आणखी टर्म काढल्या. नवव्यापर्यंत कमी होत गेल्या, ०.१८८ पर्यंत, आणि दहाव्यापासून उलट वाढायला लागल्या. विसावी ०.२८ च्या आसपास, चाळिसावी १.२. म्हणजे बेरीज कुठेही थांबत नाही, फुगत जाते. मित्राला फोन करून शब्द मागे घेतला.

ही इथली सगळ्यात फसवी जागा वाटते मला. त्रिज्येच्या जरा बाहेर गेलं की सुरुवातीच्या टर्म लहान होत जातात आणि माणूस समाधानाने थांबतो. १९० ला दहाव्या टर्मला वळण, आणखी जवळ म्हणजे १८५ ला वळण त्याहून पुढे. टर्म लहान होतायत हे बघून कन्व्हर्जन्स ठरवणं बंद. r[n] गुणिले y हा आकडा १ च्या खाली राहील का हे बघावं लागतं, आणि त्यासाठी r[n] शेवटी कुठे जातो ते.

गंमत म्हणजे फंक्शन स्वतः १९० ला व्यवस्थित आहे. sin(θ/2) वालं सूत्र १९० ला घातलं तर sin 95 आणि sin 85 सारखेच, उत्तर २.४३९, जे १७० ला येतं तेच. तेच फंक्शन, आकडाही ठीकठाक, फक्त ही सिरीज तिथवर पोचत नाही, कारण वाटेत १८० आहे.

११ जून

आज जास्त n साठी तोच प्रोग्राम चालवला, ६० पर्यंत. पंचविशीपर्यंत रेशो गुण्यागोविंदाने हळूहळू चढत होते, तिशीच्या आसपास डगमगायला लागले आणि पस्तिशीनंतर पिसाळलेच, एक प्रचंड, एक उणे, एक जवळपास शून्य. माझा पहिला विचार असा की सिरीजच अशी असेल, पुढे काही वेगळं घडत असेल. दुपारचे तीन तास कागदावर त्याचं कारण शोधण्यात घालवले. पाण्यात.

कारण प्रोग्रामात होतं. m ची θ मधली जी सिरीज घालतो तिच्यात चिन्हं आलटून पालटून असतात, म्हणून c[n] हा मोठ्या मोठ्या धन आणि ऋण संख्यांच्या वजाबाकीतून येतो. n = 60 ला त्या संख्या उत्तरापेक्षा अब्जावधी अब्जावधी पटीने मोठ्या, आणि साध्या दशांश संख्येत पंधरा-सोळा अंकच खरे असतात, तर उत्तर त्या कचऱ्यातच बुडतं. ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी चढवायची, मग ड्रायव्हरच्या खिशातली चिठ्ठी काढून परत चढवायची आणि फरकावरून त्या चिठ्ठीचं वजन काढायचं असा प्रकार.

ओळखायचं कसं: n बदलत जा, रेशो एकसारखा गुळगुळीत चालला होता आणि अचानक दात विचकायला लागला, आणि तोही जिथे चिन्ह बदलायचं काही कारण नाही तिथे, तर आधी संख्येच्या अचूकतेवर संशय घ्या, गणितावर नंतर.

उपाय, अपूर्णांकातच सगळं करायचं, एक अंकही गोलाकार न करता:

```python
from fractions import Fraction as F
from math import factorial

N = 61
m = [F(0)] + [F((-1)**(j+1), 2*factorial(2*j)) for j in range(1, N)]

def mul(p, q):
    r = [F(0)]*N
    for i, a in enumerate(p):
        if a:
            for j in range(N-i):
                r[i+j] += a*q[j]
    return r

c, b = [F(0)]*N, F(1)
pw = [F(1)] + [F(0)]*(N-1)
for n in range(N):
    c = [x + b*y for x, y in zip(c, pw)]
    pw = mul(pw, m)
    b *= F(2*n+1, 2*n+2)**2
```

`c[1]` 1/16 आणि `c[2]` 11/3072 येतंय का ते आधी बघा, मग पुढे जा. वेळ लागतो, पण चहा होईपर्यंत झालं. दशांशात फक्त रेशो छापताना आणायचा.

१२ जून

आता स्वच्छ आकडे आले. n = 20 ला r = 0.0962, म्हणजे θ ची त्रिज्या 3.223, म्हणजे १८४.७ अंश. n = 60 ला १८१.५ अंश. N वाढवून n = 91 ला १८१.० अंश.

खाली येतोय, पण फारच कंटाळवाणा. सहावा रेशो १९८ सांगत होता, एक्क्याण्णवावा १८१. एका अंशाची चूक उरवायला नव्वद टर्म. हे बघून सगळ्यात आधी डोक्यात आलं की मग १८० च का, १७९ किंवा १७८ का नाही, असाच घसरत जाईल.

मग n आणि चूक यांचा संबंध बघितला. n दुप्पट केला की चूक जवळजवळ निम्मी होते. म्हणजे रेशो 1/n च्या वेगाने आपल्या मुक्कामाला जातोय. हे कळलं की काम निम्मं झालं, कारण 1/n वाली चूक काढून टाकता येते.

१३ जून

आलेख काढला, आडव्या अक्षावर 1/n, उभ्यावर r[n]. चौकोनी वहीवर, हाताने, भाच्याने. n = 1 आणि 2 चे ठिपके भरकटलेले, पण n = 4 पासून पुढे ठिपके जवळजवळ सरळ रेषेत बसले. आणि 1/n शून्य म्हणजे n अनंत, तर रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तेच रेशोचं लिमिट, शंभर टर्म न काढताच. याला डोम्ब-साइक्स आलेख म्हणतात, डोम्ब आणि साइक्स यांनी १९५७ मध्ये चुंबकत्वाच्या सिरीजसाठी वापरला होता, तिथे एकेक कोइफिशंट काढणं म्हणजे प्रचंड मोजणी असायची, म्हणून आहेत तेवढ्यातच काम भागवणं भाग होतं.

रेषा पट्टीने ओढली तर उत्तर पट्टीच्या जाडीवर अवलंबून. म्हणून हिशोबाने, लागोपाठच्या दोन ठिपक्यांमधून जाणारी रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती जागा:

```
n·r[n] − (n−1)·r[n−1]
```

n = 5 आणि 6 घेऊन 0.1034, म्हणजे त्रिज्या 3.110, १७८.२ अंश. हे फक्त सहा कोइफिशंटमधून! सरळ रेशोने याच सहा आकड्यांतून १९८ आले होते. n = 20 ला हाच प्रकार 3.141 देतो, चूक चौथ्या दशांशात. भाच्याने आकडा बघून नुसतं "पाय" म्हटलं आणि मला गप्प केलं. १८० अंश म्हणजे π रेडियनच की, आठ दिवस अंशात विचार केल्याने डोळ्यासमोर असून दिसला नाही.

रेषेचा उतारही उपयोगी निघाला, मला तो आधी टाकाऊ वाटला होता. उतार भागिले छेद हा −1 च्या आसपास येतो. त्याचा अर्थ r[n] हा (1/π²)·(1 − 1/n) सारखा वागतो, आणि असं लॉगच्या सिरीजमध्ये होतं: −ln(1−x) चे कोइफिशंट 1/n असतात, त्यांचा रेशो (n−1)/n. उतार वेगळा असता तर तिथली गडबड वर्गमुळाची किंवा व्यस्त प्रकारची असती. म्हणजे हा आलेख सिरीज कुठे अडते तेवढंच नाही तर तिथे भिंत कसल्या प्रकारची आहे तेही सांगतो.

आणि ते लॉग भौतिकदृष्ट्याही बसतं. १८० अंशावर लंबक बरोबर डोक्यावर उभा, आदर्श लंबक तिथून हलणारच नाही, पिरियड अनंत. त्याच्या जवळ सोडला तर तो तिथे घुटमळतो, आणि घुटमळण्याचा वेळ अंतराच्या लॉगने वाढतो. T/T0 हे १७० ला २.४४, १७९ ला ३.९०, एवढ्या जवळ येऊनही फक्त ३.९.

१४ जून

लॉग आहे हे कळल्यावर अजून सोपं केलं: r[n] ला n/(n−1) ने गुणायचं, म्हणजे (1 − 1/n) वाला भाग कापला जातो. n = 4 ला त्रिज्या 3.184, n = 5 ला 3.164, n = 6 ला 3.153. दोन आकड्यांची रेषा ओढण्यापेक्षा शांत वागतं. पण हे लॉग आहे हे आधी ठाऊक असेल तरच, नाहीतर तुम्ही स्वतःच उत्तर घुसडताय.

एक तुलना केली, मूळ काढायची पद्धत, c[n] चं n वं मूळ. ती जास्त भरवशाची म्हणतात, कारण रेशोला लिमिट नसलं तरी ती काहीतरी सांगते. ८ तारखेच्या शून्यांच्या गोंधळातही तिने काम केलं असतं. पण इथे n = 20 ला तिच्यातून १९६ अंश आले, रेशोतून १८४.७. भरवशाची आहे, पण गोगलगाय.

१५ जून

हौस म्हणून उलटी सिरीज केली, T0/T ची. त्रिज्या तीच यायला हवी, कारण १८० च्या आत T/T0 कुठेही शून्य होत नाही. तर कोइफिशंट:

```
1, −1/16, +1/3072, −23/737280, −1.907e-6, −1.475e-7
```

रेशो: −0.0052, मग −0.0958, मग 0.0611, मग 0.0774. पहिले दोन बघून कोणी म्हणेल चिन्हं आलटून पालटून येतायत, म्हणजे अडचण ऋण बाजूला आहे. ती भिंत y = +π² लाच आहे, पण चिन्ह स्थिर व्हायलाच चार टर्म लागले. आणि पुढेही ही सिरीज रेषेत नीट बसत नाही, कारण तिथे आता लॉग छेदात आहे, आणि तशा वेळी रेशोत 1/n च्या शेजारी 1/(n·ln n) ची चूकही बसलेली असते, तिला अशा सरळ रेषेने उपटता येत नाही. त्यामुळे हीच त्रिज्या काढायची तर T/T0 कडून काढा, T0/T कडून नाही. मला वाटलं होतं उलटं केलं की काय फरक पडणार आहे.

१६ जून

खरा लंबक. १५० अंशाला सोडून पहिली फेरी मोजली, सूत्राप्रमाणे १.२१ गुणिले १.७६२ म्हणजे २.१३ सेकंद यायला हवेत. आले २.०५. भाच्याचा चेहरा पडला. मग व्हिडिओ परत बघितला, एका फेरीतच झोका १५० वरून १३८ च्या आसपास आला होता, म्हणजे बेअरिंग आणि हवेने कोन खाल्ला, आणि कमी कोनाचा पिरियडही कमी. बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस धुवून हलकं मशीन ऑइल घातलं, बराच फरक पडला, पण १५० ला पूर्ण टिकत नाहीच. ९० ला मात्र १.४३ आले, हिशोबातही १.४३ (१.१८० पट). १७० ला प्रयत्न केला, हातातून सुटताना बोटाचा जरासा धक्का लागला तरी आकडा बदलतो, तिथला आकडा वहीत घेतला नाही.

१७ जून

शेवटचा प्रश्न, त्रिज्या आहे π, म्हणजे १७९ लाही चालते, पण किती टर्म लागतील? मूळ उत्तराशी फरक ०.००१ च्या आत आणायचा असं धरलं.

१५० ला १३ टर्म. १७० ला चाळीसच्या आसपास. १७९ ला चारशेच्या वर.

चालते हा शब्द फार उदार आहे. त्रिज्येच्या आत असूनही काठाला गेलं की प्रत्येक टर्म आधीच्यापेक्षा जेमतेम एक टक्क्याने लहान होते आणि बेरीज रांगत राहते. चारशे टर्म अपूर्णांकात काढायला माझा लॅपटॉप बसला, मी अर्ध्यात थांबवला. पंखा ओरडत होता.

म्हणून १७९ साठी सिरीज सोडून दिली. T/T0 = 1/AGM(1, cos(θ/2)) असंही सूत्र आहे, AGM म्हणजे दोन संख्यांची सरासरी आणि गुणोत्तर मध्य काढायचा, आणि त्या नव्या जोडीवर हेच परत परत करत जायचं. १ आणि cos 89.5° = 0.0087265 पासून सुरू केलं:

```
0.50436   0.09342
0.29889   0.21706
0.25798   0.25471
0.25634   0.25634
```

चौथ्या ओळीत जुळलं, उलटं केलं तर ३.९०१. भाच्याने हे मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केलं आणि विचारलं की मग आपण इतके दिवस काय करत होतो.